मसाल्याच्या धंद्यासाठी कर्ज : किती मागायचे हे आषाढात ठरते

धंद्यासाठी कर्ज घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न येतो, "किती मिळेल?" मुद्रा योजनेचे गट बहुतेकांना तोंडपाठ असतात. शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत, तरुण १० लाखांपर्यंत. तरुण गटातले आधीचे कर्ज नीट फेडलेल्यांसाठी २०२४ पासून २० लाखांपर्यंतचा तरुण प्लस गटही आहे. मग "१० लाख मिळतात ना, मग १० लाखच मागू" असे ठरते आणि त्या आकड्याला साजेसा प्रकल्प अहवाल कुणाकडून तरी करून घेतला जातो. अडचणीची सुरुवात इथेच होते. मागायची रक्कम धंद्याच्या सगळ्यांत मंद महिन्यावरून काढायची असते. ती कशी काढायची, हे एका मसाल्याच्या धंद्याचा पूर्ण हिशोब मांडून पाहू.

कराडजवळच्या गावात एक ताई कांदा-लसूण मसाला, लाल तिखट, हळद आणि गोडा मसाला करून विकतात, असे समजा. वर्षाची विक्री २४ लाख रुपये. दळण-कांडप त्या बाहेरच्या गिरणीतून करून घेतात. आता त्यांना स्वतःची यंत्रे घ्यायची आहेत. पुढचे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत, तुम्ही तुमच्या वहीतले आणि कोटेशनमधले आकडे त्या जागी घाला. हिशोबाची रीत तीच राहील.

आधी वर्ष महिन्यांत मोडा

प्रकल्प अहवालात सहसा वर्षाची एकच बेरीज असते आणि ती १२ ने भागून महिन्याचे चित्र काढले जाते. मसाल्याच्या धंद्यात हे साफ चुकते. घरोघरी वर्षाचा मसाला उन्हाळ्यात भरतात, त्यामुळे फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांतच ताईंची १५ लाखांची विक्री होते. उरलेल्या आठ महिन्यांत मिळून ९ लाख. त्यात दिवाळीचा महिना जरा बरा, आणि जुलै-ऑगस्टमध्ये विक्री महिन्याला ८० हजारांवर येते.

आता खर्च पाहू. विक्रीच्या १०० रुपयांत ६५ रुपये मिरची-धने-खोबरे अशा कच्च्या मालाला जातात, ७ रुपये पॅकिंग आणि वाहतुकीला, ५ रुपये बाहेरच्या कांडपाला. उरतात २३ रुपये. स्वतःची यंत्रे आली की कांडपाचे ५ रुपये वाचतील, पण वीज, जाळ्या-पट्ट्यांची झीज आणि दुरुस्ती यांचे २ रुपये वाढतील. म्हणजे १०० मागे २६ रुपये उरतील. यातून मदतनिसांची मजुरी आणि जागेचे भाडे मिळून महिन्याला १८ हजार द्यायचे, आणि घरखर्चाला आणखी १८ हजार काढायचे. हे ३६ हजार दर महिन्याला ठरलेले, विक्री होवो न होवो.

जुलैचा हिशोब करा. ८० हजारांवर २६ टक्के म्हणजे २०,८००. मजुरी-भाडे गेल्यावर २,८०० उरले. घरखर्चाचे १८ हजार त्यातून भागतच नाहीत, १५,२०० कमी पडतात. आणि अजून हप्ता भरलेलाच नाही. जून ते जानेवारी या आठ महिन्यांची बेरीज केली तर हप्त्याआधीच ५४ हजारांची तूट निघते. ती दरवर्षी उन्हाळ्याच्या कमाईतून भरून निघते, म्हणून ताईंना ती कधी वेगळी जाणवत नाही. हप्ता मात्र दर महिन्याच्या ठरल्या तारखेला जाणार, आणि ही तूट तेव्हा डोळ्यांत भरणार.

चार महिन्यांच्या हंगामात चित्र उलट असते. १५ लाखांवर ३ लाख ९० हजार उरतात, त्यातून चार महिन्यांचे १ लाख ४४ हजार वजा केले की २ लाख ४६ हजार हाती राहतात. आठ महिन्यांची तूट यातून काढली की वर्षाला १ लाख ९२ हजार शिल्लक. वर्षभराचे सगळे हप्ते या रकमेत बसले पाहिजेत. त्यातही सगळी रक्कम हप्त्यात घालायची नाही, कारण मिरचीचा भाव एखाद्या वर्षी भडकतो आणि यंत्राची मोटार जळायची तर नेमकी एप्रिलमध्ये जळते.

बँकेला जे परवडते ते घराला परवडतेच असे नाही

हप्ता काढायला कुणाची गरज नाही. संगणकावर किंवा मोबाइलवर एक्सेलमध्ये एवढे लिहिले की महिन्याचा हप्ता येतो. इथे व्याज वर्षाला ११ टक्के, मुदत ६० महिने आणि कर्ज ३ लाख धरले आहे:

```
=PMT(11%/12, 60, -300000)
```

उत्तर ६,५२३ रुपये. याच दराने आणि मुदतीने ४ लाखांचा हप्ता ८,६९७ येतो आणि १० लाखांचा २१,७४२.

१० लाख घेतले तर वर्षाचे हप्ते २ लाख ६१ हजार होतात. शिल्लक १ लाख ९२ हजार. म्हणजे दरवर्षी ६९ हजार कमी, तेही सगळे सुरळीत चालले तर. तरीही हे कर्ज मंजूर होऊ शकते, आणि ते कसे होते हे कळणे फार गरजेचे आहे.

मुदत कर्ज देताना बँक एक गुणोत्तर पाहते, त्याला डीएससीआर म्हणतात. वर्षाचा करोत्तर नफा, घसारा आणि मुदत कर्जाचे व्याज यांची बेरीज करायची आणि तिला वर्षाच्या मुद्दल-व्याजाने भागायचे. उत्तर दीडच्या आसपास असले तर बँकेला बरे वाटते, सव्वाच्या खाली गेले की शंका सुरू होतात. एकल मालकीच्या धंद्यात मालकाने घरासाठी काढलेले पैसे हा धंद्याचा खर्च धरत नाहीत, ती उचल असते. त्यामुळे ताईंच्या धंद्याची कागदावरची कमाई घरखर्च न वगळता मोजली जाते : १ लाख ९२ हजार अधिक घरखर्चाचे २ लाख १६ हजार, एकूण ४ लाख ८ हजार. त्याला २ लाख ६१ हजारांनी भागले तर उत्तर १.५६. कागदावर कर्ज व्यवस्थित बसते. चौकस अधिकारी घरखर्चाबद्दल विचारतो, पण तो विचारेल यावर विसंबून राहू नका. हा दुसरा भागाकार तुम्ही स्वतः करा : घरखर्च काढून उरलेली रक्कम भागिले वर्षाचे हप्ते. १० लाखांना हे उत्तर ०.७४ येते. एकाच्या खालचे उत्तर म्हणजे हप्ता भरायला दुसरे कर्ज काढावे लागणार.

आधीचे हप्ते असतील तर तेही याच भागाकारात खाली जातात : बचत गटाचा, दुचाकीचा, मोबाइलचा. आणि घरखर्च लिहिताना दवाखाना, शाळेची फी आणि सण यांना वर्षाच्या बेरजेत जागा द्या. लोक महिन्याचा किराणा तेवढा लिहितात आणि जूनमध्ये फी भरताना हप्ता चुकतो.

यंत्राला किती, मालाला किती

ताईंनी यंत्रांची यादी केली. पल्व्हरायझर मोटारीसह १ लाख ४० हजार, मिरची कांडप यंत्र १ लाख १० हजार, मसाले भाजायचा ड्रम रोस्टर १ लाख २० हजार, वजनकाटा आणि पाकिटे सील करायचे यंत्र ४० हजार. इथपर्यंत सगळेच लिहितात. राहून जातात ते पुढचे खर्च : थ्री फेज जोडणीची अनामत, वायरिंग, स्टार्टर आणि पाया मिळून ६० हजार, वाहतूक आणि बसवणी २० हजार, किरकोळ वाढीसाठी १० हजार. एकूण ५ लाख. शेवटचे ९० हजार न धरल्यामुळे किती तरी यंत्रे गोणपाटाखाली पडून राहतात. मशीन आले, पण वीजभार वाढवून मिळायचा आहे आणि त्याचे पैसे हातात नाहीत. मग ते खासगी सावकाराकडून येतात आणि सगळा हिशोब विस्कटतो.

५ लाखांत स्वतःचे १ लाख घालायचे ठरले तर कर्ज ४ लाख. वर्षाचे हप्ते १ लाख ४ हजार, घरखर्च वगळून गुणोत्तर १.८४. चांगले दिसते. पण विक्री पडली तर काय, हे पाहिल्याशिवाय इथे थांबू नये. ठरलेला खर्च आणि हप्ते भागवायला ताईंना किमान २१ लाखांच्या जवळपास विक्री लागते. म्हणजे विक्री जेमतेम १३-१४ टक्के घसरली की हप्ता अंगावर येतो. मार्चमध्ये अवकाळी पावसाचे दोन आठवडे एवढी घसरण सहज करू शकतात.

इथे बहुतेक जण मुदत वाढवतात. पाचऐवजी सात वर्षे केली तर ४ लाखांचा हप्ता ६,८४९ वर येतो खरा, पण एकूण व्याज १ लाख २२ हजारांवरून १ लाख ७५ हजारांवर जाते. त्यापेक्षा यादीकडे पुन्हा पाहावे. रोस्टरशिवाय काम अडते का? भाजणी आज कढईत होतेच आहे. कांडपाचे जे ५ रुपये वाचायचे आहेत ते पल्व्हरायझर आणि कांडप यंत्रामुळे वाचणार आहेत, रोस्टरमुळे नाही. रोस्टर एका हंगामानंतर घ्यायचा ठरवला तर प्रकल्प ३ लाख ८० हजारांवर येतो, स्वतःचे ८० हजार आणि कर्ज ३ लाख. हप्ता ६,५२३, पाच वर्षांचे व्याज सुमारे ९१ हजार. विक्री २० लाखांपर्यंत खाली आली तरी निभावते. सात वर्षांच्या कर्जाइतकाच दिलासा मिळाला, आणि व्याज जवळपास निम्मे. माझ्या मते यादीतली प्रत्येक वस्तू या एका प्रश्नातून गेली पाहिजे : हिच्यामुळे नेमका कोणता खर्च कमी होतो किंवा कोणती ठरलेली विक्री वाढते? उत्तर रुपयांत देता येत नसेल तर ती वस्तू पहिल्या कर्जात नको.

गावातल्या बायकांची मिरची कांडून देऊन चार पैसे सुटतील हेही खरे आहे. पहिल्या वर्षी ते हिशोबात धरू नका. आले तर वरकड.

आता माल. जानेवारी ते मार्च या काळात मिरची बाजारात येते तेव्हा ताईंना एकदम खरेदी करावी लागते आणि सुमारे दीड लाख कमी पडतात. हे पैसे हंगाम संपेपर्यंत विक्रीतून परत येतात. अशा ये-जा करणाऱ्या गरजेसाठी मुदत कर्ज घेणे महागात पडते. दीड लाख पाच वर्षांच्या कर्जात मिसळले तर त्यावर सुमारे ४५ हजार ७०० रुपये व्याज जाते. शिवाय पहिल्या हंगामानंतर ते पैसे घरात विरघळून जातात आणि पुढच्या जानेवारीत मिरचीसाठी पुन्हा हात रिकामाच. याऐवजी दीड लाखाची कॅश क्रेडिट म्हणजे सीसी मर्यादा घ्यावी. त्यात जेवढी रक्कम जेवढे दिवस वापरली तेवढ्यावरच व्याज लागते. पूर्ण दीड लाख चार महिने वापरले तरी ११ टक्क्यांनी साडेपाच हजार. वरचा २० लाखांचा आकडा हे व्याज धरूनच काढला आहे.

खेळते भांडवल ठरवताना बँका बऱ्याचदा अंदाजित वार्षिक विक्रीच्या २० टक्क्यांचा ठोकताळा लावतात. २४ लाखांवर तो ४ लाख ८० हजार येतो. तेवढी मर्यादा देऊ केली तरी गरज दीड लाखाची आहे, तर दीडच घ्यावी. सीसी खात्यात उरलेली मर्यादा शिलकीसारखी दिसू लागते आणि मग त्यातून रोस्टर येतो, नाही तर मुलाची दुचाकी येते. माल विकला की पैसे परत येतात, रोस्टर विकला जात नाही. म्हणून ती रक्कम खात्यात कायमची अडकते, खाते सतत मर्यादेला टेकलेले राहते आणि पुढच्या जानेवारीत मिरचीला पैसे नसतात. सीसी खाते आजारी पडल्याची खूण ओळखायला सोपी आहे. मे अखेर ते जवळपास शून्यावर यायला हवे. आले नाही, तर मालाचे पैसे दुसरीकडे गेले आहेत.

तर ताईंची मागणी ठरली : मुदत कर्ज ३ लाख आणि सीसी दीड लाख, एकूण साडेचार लाख. किशोर गटात बसते. मुद्रा कर्जाला तारण किंवा जामीनदार मागत नाहीत, पण यंत्रे आणि माल बँकेकडे नजरगहाण राहतात. या कर्जाला सरकारी हमी निधीचे संरक्षण असते, ते बँकेसाठी. हमीचे पैसे बँकेला मिळाले तरी कर्जदाराचे देणे संपत नाही. "सरकारची हमी आहे, बुडाले तर बुडाले" असे सांगणारा माणूस तुमचे भले करत नाही.

कागद एकमेकांशी बोलले पाहिजेत

कागदपत्रांची यादी बँकेत छापील मिळते आणि ती जमवणे फारसे अवघड नाही. आधार, पॅन, फोटो. उद्यम नोंदणी, जी udyamregistration.gov.in वर फुकट होते, तिच्यासाठी कुणाला हजार-दोन हजार देऊ नका. शॉप ॲक्टची पावती, आणि खाण्याचा पदार्थ असल्याने उलाढालीप्रमाणे एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना. जागेचा पुरावा म्हणून भाडेकरार किंवा घरपट्टीची पावती, आणि गावात असाल तर लागेल तसा ग्रामपंचायतीचा दाखला. खात्याचे वर्षभराचे स्टेटमेंट, भरली असतील ती प्राप्तिकर विवरणपत्रे, यंत्रांची कोटेशन्स. अर्ज अडतो तो सहसा कागद कमी पडल्याने नाही. दोन कागद दोन गोष्टी सांगतात, म्हणून अडतो.

सगळ्यांत मोठी विसंगती विक्रीची. अहवालात २४ लाख आणि बँक स्टेटमेंटमध्ये जमा ९ लाख. बाकीची विक्री रोखीत झाली आणि त्याच रोखीतून मिरची घेतली, हे खरे असले तरी बँकेला ते दिसत नाही. तिच्या लेखी धंदा ९ लाखांचा. यावर उपाय एकच, आणि त्याला वेळ लागतो : अर्जाच्या आधी किमान सहा महिने, जमल्यास वर्षभर, रोजची रोकड खात्यात भरायची आणि दुकानातला क्यूआर कोड घरातल्या कुणाच्या बचत खात्याऐवजी धंद्याच्या चालू खात्याला जोडायचा. अर्जाच्या महिन्यात एकदम दोन-तीन लाख रोख भरून काही साधत नाही. अशी जमा ताबडतोब नजरेत येते आणि तिचा स्रोत विचारला जातो.

दुसरी विसंगती विवरणपत्राची. लहान व्यापारी अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत विवरणपत्र भरतात आणि रोखीच्या विक्रीवर ८ टक्के नफा दाखवून मोकळे होतात. ताईंच्या २४ लाखांवर तो १ लाख ९२ हजार येतो. प्रत्यक्षात घरखर्चाआधी त्यांना आजच ३ लाख ३६ हजार सुटतात. ८ टक्के ही किमान पातळी आहे. नफा जास्त असेल तर खरा आकडा दाखवायचा असतो. एवढ्या उत्पन्नावर सवलती धरता कर शून्यच येतो, म्हणजे कमी दाखवून काही वाचत नाही, फक्त कर्जाची पात्रता कमी होते. अहवालात नफा साडेतीन लाख आणि विवरणपत्रात दोन लाखांच्या आत असेल, तर बँक विवरणपत्र खरे मानणार.

तिसरी नावाची. आधारवर सासरचे नाव, पॅनवर माहेरचे, उद्यमवर आणखी वेगळे स्पेलिंग. ही दुरुस्ती आधी आधारवर, मग पॅनवर, मग बाकी ठिकाणी अशा क्रमाने करावी, आणि अर्जाच्या दोन महिने आधी सुरू करावी.

स्वतःचा सिबिल अहवाल आधीच काढून पाहा. देशातल्या चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षाला एक पूर्ण अहवाल मोफत मिळतो. ३०० ते ९०० मधला गुण पाहून थांबू नका, खालची खात्यांची यादी वाचा. दिराच्या ट्रॅक्टरला जामीन राहिला असाल तर ते कर्ज तुमच्या अहवालात दिसते, त्याचे थकलेले हप्तेही दिसतात. फेडलेले सोनेतारण कर्ज अजून चालू दिसत असेल तर लेखी तक्रार करा. ३० दिवसांत ती निकालात काढायची असते, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

कोटेशनबद्दल एकच सांगायचे. त्यात विक्रेत्याचा जीएसटी क्रमांक, यंत्राची क्षमता आणि मोटारीची अश्वशक्ती, कर, वाहतूक आणि बसवणी सगळे वेगवेगळे लिहून घ्या. बँक यंत्राचे पैसे थेट विक्रेत्याच्या खात्यात देते. किंमत फुगवून कोटेशन आणायचे आणि वरचे पैसे विक्रेत्याकडून रोखीत परत घ्यायचे, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो निधीचा गैरवापर आहे. शिवाय त्या वरच्या पैशांवर पाच वर्षे व्याज तुम्हीच भरणार. अनुदानाच्या योजनांत हाच मोह आणखी वाढतो. ३५ टक्के अनुदान आहे म्हटले की ४ लाखांची गरज ८ लाखांची होते. पीएमईजीपीसारख्या योजनेत, जी मुख्यतः नव्या उद्योगांसाठी आहे, अनुदान हातात येत नाही. ते बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि सगळे नीट असेल तरच कर्जात वळते होते. अनुदान मिळणारच नाही असे धरून हिशोब बसत असेल, तरच त्या योजनेत पडा.

अर्ज कधी द्यायचा

ताईंनी जूनमध्ये यंत्र घेतले तर पहिले आठ हप्ते मंदीच्या महिन्यांतून द्यावे लागतील आणि यंत्र तोपर्यंत निम्मे रिकामे बसेल. यंत्र जानेवारीअखेर सुरू व्हायला हवे. वीजभार वाढवून मिळणे, यंत्राची ऑर्डर आणि मंजुरी यांचा वेळ धरून अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्यावा. पहिल्या हप्त्याआधी दोन-तीन महिन्यांची सवलत मागता येते. त्या काळातही व्याज चढते, म्हणून लागेल तेवढीच मागा. मंजुरीआधी विक्रेत्याला मोठी आगाऊ रक्कम देऊ नका, आणि स्वतःचा ८० हजारांचा वाटा द्याल तो खात्यातून द्या, म्हणजे पुरावा राहतो.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. "साहेब नाही म्हणाले" यावर पुढे काही करता येत नाही, लेखी कारणावर करता येते. गुण कमी असेल तर सहा महिने हप्ते वेळेवर भरून परत यायचे, उलाढाल दिसत नसेल तर खाते चालवून. लगेच चार बँकांत अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशीची नोंद सिबिलमध्ये होते. आणि मुद्रा कर्जाला कुणी एजंट नेमलेला नाही. मंजुरीसाठी टक्केवारी मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

सही करण्यापूर्वी आणि नंतर

मंजुरीसोबत मुख्य माहिती पत्रक मिळते. १ ऑक्टोबर २०२४ पासून सूक्ष्म-लघु उद्योगांच्या मुदत कर्जांना ते देणे बंधनकारक आहे. त्यात व्याजदराखाली वार्षिक टक्केवारी दर म्हणून वेगळा आकडा असतो. प्रक्रिया शुल्क, विमा वगैरे सगळे धरून कर्ज खरोखर कितीला पडते ते त्यातून कळते. दोन बँकांची तुलना त्या आकड्यावर करा. ११ टक्क्यांचे कर्ज विमा आणि शुल्क धरून १३ टक्क्यांचे निघू शकते. व्याजदर बदलता असेल तर तो कशाला जोडला आहे आणि किती महिन्यांनी बदलतो, तेही तिथेच लिहिलेले असते. एप्रिल चांगला गेला तर मुदतीआधी काही रक्कम भरता येईल का, हे विचारा. व्यापारी बँकांनी १ जानेवारी २०२६ पासून मंजूर केलेल्या सूक्ष्म-लघु उद्योगांच्या बदलत्या दराच्या कर्जांवर मुदतपूर्व फेडीचे शुल्क घ्यायचे नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

मग येतो फेडीचा खरा भाग, तो मे महिन्यात करायचा असतो. ताईंना जून ते जानेवारीत हप्ते आणि तूट मिळून सुमारे १ लाख ६ हजार लागणार आहेत. हंगामात हातात खेळणाऱ्या दोन-सव्वादोन लाखांतून एवढी रक्कम ३१ मेपूर्वी हप्त्याच्या खात्यात किंवा वेगळ्या ठेवीत बाजूला पडली पाहिजे. त्याआधी पत्रा बदलणे नाही, सोने नाही. विक्री कमी झाली तरी या रकमेला हात लावायचा नाही, घरखर्च आवळायचा.

हप्त्याची तारीखही निवडता येते. दुकानदारांकडून उधारी महिन्याच्या ५ ते ८ तारखेला जमा होत असेल तर हप्ता १० ला ठेवा, १ ला नको. खात्यात पैसे नसताना हप्ता उचलायला गेला की परत जातो, तुमची बँक दंड घेते, कर्ज देणारी बँक वेगळा आकार लावते आणि नोंद सिबिलला जाते. हप्ता थकून ९० दिवस उलटले की खाते अनुत्पादक ठरते, त्यानंतर नवे कर्ज मिळणे फार कठीण. म्हणून ऑगस्टचा हप्ता जाणार नाही असे जुलैत दिसले तर जुलैतच शाखेत जा, सोबत महिन्यांचा हिशोब आणि मालाची यादी न्या. न थकलेल्या खात्याला मुदत वाढवून देणे किंवा हप्ते हंगामाप्रमाणे बसवून देणे शाखेला बरेच सोपे असते. खरे तर हंगामी हप्त्यांची मागणी अर्जातच करून पाहावी : फेब्रुवारी ते मे मोठे हप्ते, बाकी महिन्यांत लहान. प्रत्येक बँक देते असे नाही, पण महिन्यावार विक्रीचा तक्ता जोडलेला असेल तर अधिकाऱ्याला ती मागणी टिपणीत मांडता येते.